पैसे जमा होतायत पण निघत नाहीत: मावशीच्या खात्याच्या केवायसीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. मावशीचा फोन आला की अरे बँकेत गेले होते दोन हजार काढायला, कॅशियर म्हणाला तुमचं खातं फ्रीझ आहे, केवायसी करा. आणि गंमत म्हणजे पासबुक भरून घेतलं तर त्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे अगदी व्यवस्थित जमा झालेले. मग मावशीचा साधा प्रश्न, खातं बंद आहे तर पैसे आले कसे आणि खातं चालू आहे तर पैसे देत का नाहीत?

मी पूर्वी एका बँकेत सात वर्षं खाती उघडायच्या टेबलावर होतो, त्यामुळे घरात कुणाचंही बँकेचं काही अडलं की फोन मलाच. मावशीचं हे प्रकरण मात्र पूर्ण लिहून काढावं असं वाटलं, कारण केवायसीबद्दल लोकांचे जेवढे गैरसमज असतात ते सगळे एकाच खात्यात सापडले. बँकेचं आणि गावाचं नाव घेत नाही, तशी काही गरजही नाही.

आधी खात्याची कुंडली सांगतो. खातं उघडलं २००१ मध्ये, लग्नाच्या आधी, माहेरच्या तालुक्याच्या शाखेत. तेव्हाची पद्धत ज्यांना आठवते त्यांना आठवत असेल, फॉर्मवर ओळख देणारा लागायचा, म्हणजे त्याच बँकेत आधीपासून खातं असलेला कुणीतरी माणूस सही करून सांगणार की हो मी हिला ओळखतो. आजोबांच्या ओळखीच्या एका दुकानदाराने सही केली, रेशनकार्ड दाखवलं, झालं खातं. नाव अर्थातच माहेरचं, मधे आजोबांचं नाव, शेवटी माहेरचं आडनाव. २००३ मध्ये लग्न झालं, मावशी दुसऱ्या तालुक्यात गेली, पण खातं तसंच राहिलं कारण त्यात आजोबांनी तिच्या नावाने ठेवलेली एफडी होती आणि ती मोडायची नव्हती.

पुढे एफडीसाठी बँकेने पॅन मागितलं तेव्हा एजंटकडून पॅन काढलं, एजंटने पासबुकावर जे नाव होतं तेच टाकलं, म्हणजे माहेरचं. आधार निघालं २०१२ मध्ये सासरी, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मतदार कार्ड पण सासरच्याच नावाने. म्हणजे आता परिस्थिती अशी की बँक आणि पॅन एका बाजूला, आधार आणि मतदार कार्ड दुसऱ्या बाजूला, आणि मधे मावशी. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नाव पण बदलतं, काही घरांत तर पहिलं नाव पण बदलतात. तीन शब्दांच्या नावातला एकच शब्द सारखा राहिला तर कॉम्प्युटरला ती बाई दुसरीच वाटणार ना.

आता हे केवायसी म्हणजे नक्की काय ते सांगतो. नो युवर कस्टमर, आपला ग्राहक कोण आहे ते ओळखा. लोकांना वाटतं केवायसी म्हणजे झेरॉक्स जमा करणे. तसं नाहीये, बँकेला तीन गोष्टींची खात्री करायची असते, समोरचा माणूस खरंच आहे का, तो जे नाव सांगतोय तोच आहे का आणि राहतो कुठे. त्याच्याबरोबर चौथी गोष्ट म्हणजे हा माणूस काय काम करतो आणि त्याच्या खात्यात साधारण किती पैसे फिरणं नॉर्मल आहे. फॉर्मवर व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारतात ते यासाठीच. गृहिणी आणि शेती असं लिहिलेल्या खात्यात महिन्याला दोन-पाच हजार फिरत असतील आणि एक दिवस अचानक वीस लाख येऊन तासाभरात दहा ठिकाणी गेले, तर सिस्टीमने ओरडायला पाहिजे. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन फसवणुकीचे पैसे फिरवणारे लोक असतात, त्यांच्यासाठीच हे सगळं आहे. मागे कायदा आहे २००२ चा मनी लाँडरिंगविरोधी, तो जुलै २००५ पासून लागू झाला, आणि त्याच्या आधारावर रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम आहेत जे सगळ्या बँकांना बंधनकारक आहेत. म्हणजे काउंटरवरचा माणूस मनाने काही मागत नाही, निदान मागायला नको.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. केवायसी थकलं की बँका सहसा खात्याला डेबिट फ्रीझ लावतात, म्हणजे बाहेर जाणारा दरवाजा बंद आणि आत येणारा उघडा. पगार, अनुदान, व्याज सगळं जमा होत राहतं. याची गल्लत लोक इनऑपरेटिव्ह खात्याशी करतात. ते वेगळं, तुम्ही स्वतः दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दोन्हीमध्ये पैसे निघत नाहीत म्हणून बाहेरून सारखंच दिसतं, पण कारण वेगळं आणि उपायही थोडा वेगळा. त्यामुळे काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारायचा की नक्की कशामुळे थांबलंय. मावशी दर महिन्याला पैसे काढत होती त्यामुळे निष्क्रिय असायचा प्रश्न नव्हता, हे केवायसीचंच होतं.

मग आताच का थकलं? केवायसी एकदा करून सुटका होत नाही. बँक प्रत्येक ग्राहकाला जोखमीच्या गटात टाकते. जास्त जोखीम असेल तर दर दोन वर्षांनी, मध्यम असेल तर आठ वर्षांनी आणि कमी असेल तर दहा वर्षांनी केवायसी पुन्हा ताजं करायचं असतं. आपली पगारदार, गृहिणी, पेन्शनर मंडळी बहुतेक कमी जोखमीत. मावशीचं शेवटचं केवायसी डिसेंबर २०१४ चं होतं, दहा वर्षं धरली की डिसेंबर २०२४ ला संपलं. आणि २०१४ ला ते सुटलं कसं तेही बघण्यासारखं आहे. तेव्हा पॅन कार्ड हे ओळखीच्या अधिकृत कागदपत्रांच्या यादीत होतं. मावशीने माहेरच्या नावाचं पॅन दिलं, खातं माहेरच्या नावाचं, जुळलं, शिक्का पडला. नंतर २०१७-१८ च्या बदलांमध्ये पॅन त्या यादीतून निघालं. तर जो कागद दहा वर्षांपूर्वी चालला तोच आता एकटा चालत नाही, आणि जे चालतं त्यावर नाव वेगळं.

बँकेने कळवलं नव्हतं का? कळवलं होतं, एसएमएस पाठवले होते, पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर २०१९ मध्ये बंद झालेला, आणि पत्र गेलं माहेरच्या पत्त्यावर जिथे आता घराला कुलूप आहे. मावशीच्या नव्या नंबरवर मात्र व्हॉट्सअ‍ॅपला एक मेसेज आला होता, आज रात्री तुमचं खातं बंद होईल, केवायसीसाठी खालची फाईल डाउनलोड करा, सोबत बँकेचा लोगो. तिने नशिबाने ती फाईल उघडली नाही, कारण फोनमध्ये जागाच नव्हती. मी तिला म्हटलं बघ, बँकेकडे तुझा हा नंबरच नाही, मग बँक यावर मेसेज करेल कशी? हे फार सोपं आहे ओळखायला. आणि नंबर असला तरी बँक केवायसीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल पाठवत नाही, ओटीपी आणि पिन तर कधीच विचारत नाही. चुकून उघडली आणि पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करायचा.

आता मावशीने माझ्याकडे येण्याआधी तीन चकरा मारल्या होत्या, त्या क्रमाने सांगतो कारण त्या प्रत्येकात काहीतरी आहे.

पहिल्या चकरेत ती आधार आणि पॅन घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलाने आधार बघितलं, स्क्रीन बघितली, म्हणाला ताई नाव मॅच होत नाही. बरोबरच आहे त्याचं. पण पुढे जे म्हणाला ते अर्धवट होतं, म्हणाला पत्त्याचा पुरावा पण आणा. आता इथे थांबून यादी समजून घेऊ. ओळखीसाठी अधिकृत धरली जाणारी कागदपत्रं फक्त सहा आहेत. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. हे शेवटचं मी सात वर्षांत एकदाही कुणाकडे बघितलं नाही. या सहापैकी कुठलंही एक पुरतं, आणि त्यावर जर आत्ताचा पत्ता असेल तर तोच कागद ओळखीचाही आणि पत्त्याचाही. दोन वेगळे कागद मागायची गरज नाही. त्याच्या जोडीला पॅन लागतं, आणि पॅन नसेलच तर फॉर्म ६० भरून द्यायचा. आणि एक फोटो. बस, साध्या माणसाच्या सेव्हिंग खात्याला एवढंच.

रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, ऑफिसचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक हे यादीत नाही. लोक पिशवी भरून आणतात आणि हेच सगळं आणतात.

मावशीच्या आधारवर सासरचा पत्ता होता आणि ती तिथेच राहते, म्हणजे पत्त्याचा प्रश्नच नव्हता. पण तिला सांगितलं म्हणून दुसऱ्या चकरेत ती लाइट बिल घेऊन गेली. ते सासऱ्यांच्या नावाचं, आणि सासरे जाऊन आठ वर्षं झाली. अर्थातच परत. लाइट बिलाचं काम असं आहे की ते तेव्हाच लागतं जेव्हा तुमच्या आधारवर किंवा पासपोर्टवर जुना पत्ता आहे. मग तात्पुरतं म्हणून दोन महिन्यांच्या आतलं लाइट, टेलिफोन, पोस्टपेड मोबाईल, पाइप गॅस किंवा पाण्याचं बिल चालतं, घरपट्टीची पावती चालते, सरकारी पेन्शनरांची पत्ता असलेली पीपीओ म्हणजे पेन्शनची ऑर्डर चालते, सरकारी किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने दिलेल्या क्वार्टरचं पत्र चालतं. पण तीन महिन्यांत आधार वगैरेवर नवा पत्ता करून दाखवायचा असतो, हे कुणी सांगत नाही. साधा घरमालकाबरोबरचा भाडेकरार या यादीत नाही, पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या पोरांना याचाच त्रास होतो. त्यांनी आधी करारावर आधारचा पत्ता बदलून घ्यावा आणि मग बँकेत जावं, उलटं करत बसू नये. जुन्या ग्राहकाचा फक्त पत्ता बदलला असेल तर अजून सोपं आहे, नवा पत्ता लिहून सही करून द्यायचा, बँक दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून खात्री करते.

तिसऱ्या चकरेच्या आधी काकांनी तहसीलबाहेर बसणाऱ्या माणसाकडून स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करून आणलं, की अमुक आणि तमुक या दोन्ही नावांची स्त्री एकच आहे. बाराशे रुपये गेले. बँकेने तेही परत केलं आणि काका भडकले, म्हणाले कोर्टात चालतं, बँकेत चालत नाही म्हणजे काय! पण इथे बँक बरोबर होती. नियमात स्पष्ट आहे, कागद दिल्यानंतर नाव बदललं असेल तर त्याला दोनच आधार चालतात, राज्य सरकारने दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलल्याची जाहिरात, ज्याला आपण गॅझेट म्हणतो. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्हीच तुमच्याबद्दल सांगताय, नोटरीने फक्त तुमची सही बघितली. काही शाखा ते घेतात हे मला माहितीय, ओळखीवर घेतात, पण उद्या ऑडिटला तीच फाइल निघाली की पुन्हा फोन येतो.

इथे माझ्याकडे फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला, मावशी तुमच्या लग्नाची नोंदणी केलीय का? ती म्हणाली अरे चारशे माणसं जेवली होती. आता काय बोलणार.

तर खरं काम ते होतं. लग्न जिथे लागलं त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो, गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. लग्नपत्रिका लागते, लग्नातला फोटो लागतो, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी चार वर्षांपूर्वी गेले होते, त्याबद्दल वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं (तर नोटरीवाल्याचा शेवटी उपयोग झाला, फक्त वेगळ्या टेबलावर). लग्नपत्रिका मिळाली आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. उशिराचं थोडं शुल्क भरलं. ग्रामसेवक आठवड्यातून दोनच दिवस त्या गावात असायचे, त्यामुळे प्रमाणपत्र हातात यायला तीन आठवडे गेले. त्यावर मावशीचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि काकांचं पूर्ण नाव एकत्र आलं. हाच तो कागद जो दोन्ही बाजू जोडतो, याच्याशिवाय बाकी सगळं अधांतरी होतं.

हा कागद आल्या आल्या मावशी बँकेत निघाली होती, मी थांबवलं. कारण अजून पॅन माहेरच्या नावावर होतं. बँक पॅन नंबर टाकून आयकर खात्याच्या नोंदीशी नाव तपासते. खात्याचं नाव सासरचं केलं आणि पॅनवर माहेरचं राहिलं तर जे आज आधारमुळे अडलंय ते उद्या पॅनमुळे अडणार. आणि दुसरं म्हणजे नाव जुळत नाही म्हणून तिचं पॅन आधारला कधी लिंकच झालं नव्हतं, जून २०२३ अखेरची मुदत गेली आणि पॅन इनऑपरेटिव्ह होऊन बसलं होतं. तिला पत्ताच नाही, कारण पॅन वर्षातून एकदा पण लागत नाही. इनऑपरेटिव्ह पॅन असलं की एफडीच्या व्याजावर टीडीएस कापायची वेळ आली तर तो २० टक्क्यांनी कापला जातो, तिचं व्याज तेवढं नव्हतं म्हणून वाचली.

म्हणून क्रम असा लावला. आधी विवाह प्रमाणपत्र जोडून पॅनमधलं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच करून घेतलं, स्पेलिंगसकट. आधारवर आडनावात डबल ए असेल तर पॅनवर पण डबल ए, बरोबर काय ते नंतर बघू. नवं कार्ड आलं तेव्हा मावशी घाबरली, म्हणाली यावर तर अजून बाबांचंच नाव आहे. ते तसंच असतं, पॅनवर लग्न झालेल्या बाईचंही वडिलांचंच नाव छापतात, नवऱ्याचं नाही, ती चूक नाहीये. मग हजार रुपये भरून पॅन-आधार लिंक केलं, चार-पाच दिवसांनी स्टेटस बघितलं तेव्हा झालेलं दिसलं. आणि मग बँक.

बँकेत यावेळी मी सोबत गेलो. घरून व्हिडिओ कॉलवर करता येतं ना असं मावसभाऊ विचारत होता. येतं, जानेवारी २०२० पासून रिझर्व्ह बँकेने त्याला परवानगी दिलीय, बँकेचा माणूस समोर लाइव्ह असतो, चेहरा आणि पॅन कॅमेऱ्यात बघतो. पण खात्याचंच नाव बदलायचंय, जुनी सही बदलायचीय, असल्या कामाला शाखेत गेलेलं बरं. ज्यांचं काहीच बदललं नाही त्यांना तर झेरॉक्स पण द्यायची गरज नाही, माझ्या माहितीत काही बदल नाही एवढं घोषणापत्र नोंदवलेल्या मोबाईलवरून, ईमेलवरून, एटीएमवर किंवा नेट बँकिंगमधून देता येतं. लोक तरी अर्धा दिवस सुट्टी टाकून लाइनीत उभे असतात.

शाखेत दिलं ते असं, नाव बदलण्याचा अर्ज, केवायसीचा फॉर्म, फोटो, आधार, पॅन आणि विवाह प्रमाणपत्राच्या झेरॉक्स मावशीच्या सहीने, आणि ओरिजिनल दाखवायला. ओरिजिनल बघून तिथला माणूस झेरॉक्सवर पडताळल्याचा शिक्का आणि सही करतो, तो शिक्का महत्त्वाचा, नुसती झेरॉक्स टेबलावर ठेवून आलात तर ती केवायसी झालेली नसते. फॉर्मवर नवा मोबाईल नंबर आणि नवा पत्ता पण भरला, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा पत्र कुलपाला.

मग म्हणाले ई-केवायसी करू, अंगठा ठेवा. ठेवला, लागला नाही. दुसरं बोट, नाही. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन पकडत नाही, हे आम्ही टेबलावर रोज बघायचो. मुलगा म्हणाला ताई आधार सेंटरला जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून या. म्हणजे अजून एक चक्कर, अजून एक दिवस. मी त्याला म्हटलं ठसा उठत नसेल तर आधारचा क्यूआर कोड स्कॅन करून ऑफलाइन पडताळणी करता येते, नाहीतर मतदार कार्ड सोबत आहे, तेही अधिकृत यादीतलंच आहे, त्यावर करा. तो आत साहेबांना विचारून आला आणि क्यूआरवर झालं. ठसा लागला नाही म्हणून केवायसी नाकारायचं नसतं, हे त्या मुलाला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याचा दोष नाही.

आधारबद्दल अजून एक. बँक खात्याला आधार जोडणं सगळ्यांना सक्तीचं नाही, सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ती सक्ती गेली. तुम्ही लायसन्स किंवा पासपोर्ट देऊ शकता. आधारची नुसती झेरॉक्स देत असाल तर नंबर झाकून द्यावी, मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पण मावशीसारखं सरकारी योजनेचे पैसे खात्यात घ्यायचे असतील तर आधार नंबर द्यावाच लागतो, तिथे झाकपाक चालत नाही.

निघताना पोच मागितली. मुलगा म्हणाला मेसेज येईल. मी म्हटलं मेसेज येईल तेव्हा येईल, तारखेसकट पोच द्या, ती द्यायची असतेच. दिली. तीन दिवसांनी नाव बदललं, फ्रीझ निघालं, एसएमएस यावेळी बरोबर नंबरवर आला. काही दिवसांनी अजून एक एसएमएस आला त्यात चौदा आकडी नंबर, मावशीला वाटलं पुन्हा फसवणूक. तो केंद्रीय केवायसी नोंदवहीचा नंबर होता, तो जपून ठेवायचा, दुसऱ्या बँकेत किंवा म्युच्युअल फंडात खातं उघडताना तो दिला की सगळे कागद पुन्हा द्यावे लागू नयेत अशी सोय आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तरीही कागद मागतातच, तो वेगळा विषय.

पहिली चक्कर ते फ्रीझ निघणं, मिळून साधारण अडीच महिने गेले. त्यातला बँकेतला वेळ जेमतेम आठवडा, बाकी सगळा नाव जुळवण्यात. एफडीला नवं नाव लागलं का तेही त्याच दिवशी बघून घेतलं, एकाच कस्टमर आयडीखाली असल्यामुळे आपोआप बदललं होतं. तसं नसतं तर एफडीची मुदत संपताना पुन्हा हाच खेळ.

मध्येच मावशीने विचारलं, आमच्याकडे कामाला येते तिच्याकडे यातलं काहीच नाही, तिचं काय? तिच्यासाठी छोटं खातं असतं. बँकेच्या माणसासमोर फोटोवर सही किंवा अंगठा, एवढ्यावर उघडतात. पण त्यात शिल्लक ५० हजारांच्या वर नको, महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढायचे नाहीत, वर्षात एकूण १ लाखाच्या वर जमा नको. एक वर्ष चालतं, तेवढ्यात एखाद्या अधिकृत कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर अजून एक वर्ष.

आणि हे सगळं उरकल्यावर, जून २०२५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नियम सैल केला. कमी जोखमीच्या ग्राहकांचं केवायसी थकलं तरी व्यवहार चालू ठेवायचे, मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, जे नंतर येईल तोपर्यंत. शिवाय मुदतीआधी तीन वेळा आणि नंतर तीन वेळा कळवायचं, त्यात एकेकदा तरी कागदी पत्र. गावात बँकेच्या वतीने काम करणाऱ्या बँक मित्राकडे पण काही बदल नाही किंवा फक्त पत्ता बदललाय एवढं घोषणापत्र देता येईल असं केलं. काका म्हणाले चार महिने आधी करायला काय झालं होतं यांना. मात्र नाव बदलायचं असेल तर प्रमाणपत्र लागतंच, ते त्यातही सुटत नाही.

सप्टेंबरमध्ये मावशीचा पुन्हा फोन. घाबरलेली. अरे लाडकी बहीणची केवायसी करा म्हणून सगळीकडे सुरू झालंय, नाहीतर हप्ता बंद. मग आपण उन्हाळ्यात एवढी उठाठेव केली ती कसली केवायसी होती? मी सांगितलं, ती बँकेची होती, खातं तुझंच आहे का ते बघायला. ही महिला व बालविकास खात्याची आहे, तू योजनेत बसतेस का ते बघायला, त्यात तुझ्या आधारबरोबर काकांचं आधार पण लागणार आणि ओटीपी येणार. बँकेत जायची गरज नाही, बँकेला त्यातलं काही माहिती पण नाही. आणि पैसे कुठल्या खात्यात जाणार हे तिसरंच, ते आधार कुठल्या बँकेशी जोडलंय त्यावर ठरतं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, मग तिन्हीला वेगवेगळी नावं ठेवायला काय पैसे पडतात का रे यांना?

काकांच्या आधारला जुनाच मोबाईल नंबर होता. पुढच्या सोमवारी आम्ही आधार सेंटरच्या लाइनीत.